पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि चार फांद्या

अमेरिकी डॉक्टर डेव्हिड एडी यांनी १९८२ साली मॅमोग्राफीच्या ज्या प्रश्नाकडे लक्ष वेधलं, तो आज संभाव्यतेच्या गृहपाठात हमखास येतो. लक्षणं नसलेल्या १ टक्का स्त्रियांना स्तनाचा कर्करोग आहे. आजार असेल, तर चाचणी ८० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. नसेल, तरीही ९.६ टक्के वेळा येते. रिपोर्ट पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीला आजार असण्याची शक्यता किती? एडींनी विचारलेल्या बहुतेक डॉक्टरांचं उत्तर ७५ टक्क्यांच्या आसपास होतं.

वृक्षाकृती काढताना पहिला फाटा आजाराचा घ्यायचा, चाचणीचा नाही. कारण दिलेले टक्के आजाराच्या अटीवर आहेत. मग फांदीवरच्या संख्यांचा गुणाकार. ०.०१ × ०.८० म्हणजे ०.००८. दुसरीकडे ०.९९ × ०.०९६ म्हणजे सुमारे ०.०९५. चारही टोकांची बेरीज १ येत नसेल, तर आकृती चुकली.

आता फक्त पॉझिटिव्ह टोकं उरतात: ०.००८ भागिले ०.१०३.

उत्तर जेमतेम ७.८ टक्के! हजार स्त्रियांत खऱ्या पॉझिटिव्ह ८, खोट्या तब्बल ९५. ‘८० टक्के’ लिहिणारा विद्यार्थी अट उलटी वाचतो, आणि ही चूक फार महागात पडू शकते.

मात्र स्त्रीला गाठ जाणवत असेल, तर पहिल्या फांदीवरचा १ टक्का लागू होत नाही. तिथली संख्या वाढते आणि उत्तरही.