‘प्रकल्प एआयने लिहिला’ असा ठपका आलाय? सुनावणीआधी ही फाइल तयार करा

कॉलेजचं पत्र येतं: ‘तुमच्या प्रकल्पात 72 टक्के मजकूर एआयने लिहिलेला दिसतो, समितीसमोर हजर राहा.’ पोरगं घाबरतं आणि घरच्यांना वाटतं, कॉपी पकडली. पण पत्र म्हणजे निकाल नव्हे. समितीला मुख्यतः एकच गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे हा मजकूर तयार कसा झाला. त्याचं उत्तर नुसतं तोंडी देऊन भागत नाही, पुरावा लागतो.

आकडा कशाचा, ते आधी बघा

अहवालात दोन वेगळे आकडे असू शकतात. एक सिमिलॅरिटीचा, म्हणजे दुसरीकडे छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग. तो कुठून आला हे दाखवता येतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतले टक्के याच आकड्याचे आहेत, आणि 10 टक्क्यांपर्यंत जुळणी असेल तर शिक्षा नाही.

दुसरा आकडा एआयचा. तो सॉफ्टवेअरचा अंदाज असतो, त्याच्यामागे दाखवायला मूळ मजकूर नसतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच आपलं असं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने एआयचे ठरले. कारण सोपे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना. मराठी माध्यमातल्या पोरांचं इंग्रजीही बरेचदा असंच असतं.

म्हणून पहिलं काम अर्जाचं. पूर्ण अहवाल, संशय असलेले परिच्छेद आणि कोणत्या नियमाखाली आरोप आहे, हे लेखी मागा. अर्जाची पोच घ्या.

टायपिंग सेंटरवरून केलेला प्रकल्प

समजा, बी.कॉम.च्या मुलीने कांदा साठवणुकीवर 30 पानांचा प्रकल्प केला. गावातल्या 12 शेतकऱ्यांना भेटून वहीत माहिती घेतली, कच्चं लिखाण हाताने केलं आणि पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर तालुक्याच्या टायपिंग सेंटरला पाठवले. आता टाइप केलेल्या फाइलमध्ये सगळा मजकूर दोन दिवसांत आलेला दिसतो. समितीला शंका येणारच.

तिचा खरा पुरावा वही आणि व्हॉट्सॲप. चॅट डिलीट करू नये, फोटो आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढावेत. सेंटरची पावती, मार्गदर्शक सरांनी दुरुस्त केलेली पानं, शेतकऱ्यांनी भरलेले फॉर्म जोडावेत. मग एका कोऱ्या कागदावर तारखेनुसार मांडावं: 8 जानेवारीला भेटी सुरू, 20 ला पहिलं कच्चं लिखाण, 2 फेब्रुवारीला टायपिंग, 9 ला सरांची दुरुस्ती. प्रत्येक तारखेपुढे पुराव्याचा पान क्रमांक टाकावा.

स्वतः गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर काम सोपं. कॉम्प्युटरवर फाइल उघडून `File`, मग `Version history`, मग `See version history` दाबलं की कधी काय लिहिलं ते दिसतं. मूळ फाइलच जपा, कारण `Make a copy` करून काढलेल्या प्रतीत जुना इतिहास येत नाही. पत्र आल्यावर त्या फाइलमध्ये एक शब्दही बदलू नका. नंतर केलेली खाडाखोडही तारखेसह दिसते आणि उलट शंका वाढते.

वापर केला असेल तर

इंग्रजी सुधारायला किंवा मराठीचं भाषांतर करायला एआय वापरलं असेल तर कुठल्या पानावर, कशासाठी, ते लिहून द्यावं आणि आपलं मूळ मराठी लिखाण जोडावं. त्याला परवानगी होती का, हे कॉलेजच्या सूचनांवर ठरेल, त्यामुळे ती सूचना किंवा परिपत्रकही फाइलमध्ये हवं. ‘वापरलंच नाही’ म्हणून सांगितलं आणि मग उघड झालं, तर बाकीच्या खऱ्या पुराव्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

संदर्भसूची तर नक्की तपासा. एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेख देतं. असा एक जरी संदर्भ सापडला तरी तो कुठल्याही टक्क्यापेक्षा जड जातो. प्रत्येक संदर्भाचं वापरलेलं पान काढून ठेवा. सापडत नसेल तर तो कुठून घेतला, हे खरं सांगा.

समितीपुढे

इतिहास सावकाश लिहिल्याचा दिसला म्हणून सगळं सिद्ध होत नाही, बघूनही टाइप करता येतं. त्यामुळे समिती तोंडी विचारते: हा शब्द का वापरला, 12 च शेतकरी का निवडले, हा तक्ता कसा काढला? खुणा केलेले परिच्छेद पुन्हा वाचून, प्रत्येकाचा अर्थ आपल्या मराठीत सांगायचा सराव करा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मराठीत उत्तर देण्याची परवानगी त्याच अर्जात मागा.

जाताना फाइलच्या दोन प्रती न्या. एक समितीला द्या, दुसरीवर पोच घ्या. निर्णय लेखी मागा, म्हणजे विरोधात गेला तर अपील करताना हातात कागद राहतो.