मागच्या केसांचा हिशेब

लग्न चार महिन्यांवर आलं आहे, मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकले आहेत. हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला येणाऱ्या अनेकांची परिस्थिती अशीच असते. त्याला कॉलेजच्या फोटोतली केशरेषा परत हवी असते, आणि तीही लग्नाच्या फोटोंआधी. या मुलाचा हिशेब नीट मांडून पाहू.

डोक्याच्या मागचे आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. ते उचलून पुढे लावले तरी हा गुण टिकतो. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली हे दाखवून दिलं आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावर उभी राहिली. कोकणात तरवा उपटून खाचरात लावतात, तसंच हे काम. फरक इतकाच की तरवा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. डोक्यामागून काढलेल्या मुळाच्या जागी नवं मूळ येत नाही.

केस त्वचेतून एकेक न येता एक ते चार केसांच्या झुबक्यांनी येतात. अशा एका झुबक्याला ग्राफ्ट म्हणतात. सर्वसाधारण माणसाच्या मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून साधारण ४,००० ते ६,००० ग्राफ्ट काढता येतात. त्याहून जास्त काढले तर मागची बाजूच विरळ दिसू लागते. पट्ट्याच्या वर किंवा खाली जाऊन काढले, तर ते केस पुढे लावल्यावरही कालांतराने गळू शकतात.

आपल्या मुलाचे ५,००० धरू. कपाळापासून पुढचा भाग भरायला साधारण ५० चौरस सेंटिमीटर जागा आहे. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावले की २,००० लागतील. ही घनता मूळच्या जवळपास निम्मी असते, तरी डोळ्याला पुरेशी वाटते. मग ३,००० शिल्लक राहतात. पण त्याच्या वडिलांचं आणि मामांचं टक्कल माथ्यापासून शेंडीपर्यंत गेलेलं आहे. तोच मार्ग त्याच्या वाट्याला आला, तर रिकामी जागा एकूण २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास होईल. तेवढ्या जागेला याच घनतेने ८,००० ग्राफ्ट लागतील, आणि ते त्याच्याकडे नाहीत.

म्हणून केशरेषा किती खाली आणायची, हा माझ्या मते यातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. एक सेंटिमीटर खाली आणण्याच्या हट्टात कित्येक शे ग्राफ्ट खर्च होतात. पन्नाशीत मग पुढे दाट पट्टा, मागे मोकळं रान, असं विचित्र डोकं उरतं. शेंडीजवळच्या भोवऱ्याचंही तसंच. तो लवकर भरला आणि भोवतालचे केस पुढे गळत गेले, तर मधे केसांचं एक बेट राहतं. अनुभवी सर्जन तरुण माणसाची केशरेषा थोडी वर आखतो, कोपरे थोडे मागेच ठेवतो आणि भोवऱ्याला घाई करत नाही. मागचा पट्टा भिंगाखाली न तपासताच कुणी आकडा सांगत असेल, तर तिथून उठावं.

खर्च बहुतेक ठिकाणी ग्राफ्टवर ठरतो. दर ४० रुपये धरला तर २,००० ग्राफ्टचे ८०,००० होतात. शहर आणि सर्जन पाहून हा दर बराच खाली-वर होतो. त्यावर औषधं आणि पुढे लागू शकणारी दुसरी बैठक आलीच. ‘कितीही ग्राफ्ट, एकच रक्कम’ या जाहिरातीची मला खरंच धास्ती वाटते, कारण तिथे उधळला जातो तो मागचा मोजका साठा. ग्राफ्ट कोण काढणार आणि छिद्रं कोण पाडणार, हेही विचारायलाच हवं. ही शस्त्रक्रिया तसं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावी, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे.

आता लग्नाची तारीख. खपल्या दहा-बारा दिवसांत पडतात. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. मुळं आत जिवंत असतात, पण हे आधी माहीत नसलेला माणूस हादरतो. शेजारचे जुने केसही काही काळ गळू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, मऊ केस डोकावू लागतात. सहाव्या महिन्यात फरक जाणवतो, खरा निकाल बाराव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. म्हणजे आज शस्त्रक्रिया केली, तर बोहल्यावर उभं राहताना या मुलाचं कपाळ आजच्यापेक्षाही रिकामं दिसण्याची शक्यता आहे.

त्याने आत्ता करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्वचारोगतज्ज्ञाला भेटून मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड आपल्याला चालतील का, हे विचारायचं. फिनास्टेराइडचे काही पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर दुष्परिणाम होतात, तेही लग्नाआधीच बोलून घ्यायचं. मग दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून डोक्याचे फोटो काढायचे. वर्षभराने गळती थांबलेली दिसली, तर त्या फोटोंसह सर्जनकडे जायचं आणि किती ग्राफ्ट आज लावायचे याबरोबर किती मागे राखून ठेवायचे, हाही आकडा लिहून घ्यायचा.