तिसऱ्या दिवशीच्या पुटकुळ्या

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची सोलापूरहून आली आणि पहिल्याच संध्याकाळी सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढून माझ्यासमोर बसली. "मावशी, हे बघ. परत आलंय." दोन्ही नडग्यांवर लालसर पुटकुळ्या होत्या, वीस-पंचवीस तरी. उजेडात धरून बघितलं तर काही पुटकुळ्यांच्या पोटात केसाची बारीक काळी रेघ वळलेली दिसत होती. घोट्याच्या हाडावर तांदळाच्या दाण्याएवढी खपली होती. आणि कातडी इतकी कोरडी की नख ओढलं तर पांढरी रेघ उमटत होती.

मी वीस वर्षं पार्लर चालवते. असे पाय पाहिले की माझा पहिला प्रश्न रेझर कुठला हा नसतो, शेव्हिंग कधी केलं आणि हे कधी दिसलं, हा असतो. तिनं रविवारी सकाळी केलं होतं. मंगळवारी रात्री खाज सुटली आणि बुधवारी पुटकुळ्या वर आल्या. या हिशेबातच निम्मं उत्तर असतं. रेझर फिरवल्यावर पाच-दहा मिनिटांतच पाय लाल होऊन चरचरू लागले आणि दुसऱ्या दिवशी बरे झाले, तर ते घर्षण असतं. पातं बोथट असतं, हात जड पडलेला असतो किंवा फेस कमी असतो. दोन-तीन दिवसांनी पुटकुळी आली तर बहुतेक वेळा केस आतल्या आत वाढलेला असतो. आणि पुटकुळीवर पिवळं टोक धरलं, ती दुखू लागली, आसपास पसरू लागली, तर केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे आपले उपाय थांबवून डॉक्टरांकडेच जायचं.

भाचीचं दुखणं मधलं होतं. ते नीट कळायचं तर रेझर केसाचं काय करतो ते पाहावं लागतं.

तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केसात रुततं आणि केसाला मुळातून किंचित वर ओढतं. तो परत खाली बसायच्या आत मागचं पातं त्याला कापतं. मग उरलेला तुकडा मागे सरकतो आणि त्याचं टोक कातडीच्या पातळीच्याही खाली जातं. म्हणूनच हात फिरवला की पाय काचेसारखा गुळगुळीत लागतो. पण त्या टोकाला आता बाहेर यायची वाट शोधावी लागते. पायावरचे केस तिरके उगवतात, कापलेलं टोक तीक्ष्ण असतं. ते सरळ वर यायच्या ऐवजी बाजूच्या कातडीत घुसतं आणि शरीर त्याला काट्यासारखं वागवतं. तिथे सूज येते, लाली येते, खाज येते. सावळ्या कातडीवर ती सूज उतरली तरी काळा डाग मागे राहतो, आणि तो जायला महिनेच्या महिने लागतात.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना अशा पुटकुळ्या येतात त्यांनी पायावर सगळ्यात जवळून कापणारा रेझर वापरू नये. दोन पात्यांचा, डोकं हलणारा आणि कडेनं रबराची पट्टी असलेला साधा रेझर पुरतो. गुळगुळीतपणा एखाद्या दिवसानं कमी टिकेल, तेवढं सोसावं. रंग गुलाबी आहे की निळा, याला काही अर्थ नाही. बायकांच्या रेझरचं डोकं रुंद आणि मूठ ओल्या हातातून न निसटणारी असते, हा उपयोगी फरक आहे, पण कापण्याचं काम तेच असतं. मुळात हे हत्यार पुरुषांच्या चेहऱ्यासाठी घडलं. जिलेटनं बायकांसाठी पहिला रेझर १९१५ साली काढला तोही काखेसाठी, बिनबाह्यांचे पोशाख आले म्हणून. पायांची पाळी नंतर आली. आणि दोन पायांची कातडी चेहऱ्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे पातं इथे लवकर झिजतं.

"तुझं पातं किती दिवसांचं?" मी विचारलं. तिला आठवेना. दिवाळीच्या आसपासचं असावं. पायासाठी पाच ते सात वेळा वापरलं की पातं बदलायचं, आणि स्वस्तातला वापरून टाकायचा रेझर असेल तर दोन-तीन वेळांतच. केस तर इतका मऊ, तो पोलादाचं काय बिघडवणार, असं वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पात्याहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केसही धारेचे बारीक टवके उडवतो, असं त्यांना दिसलं. टवके उडालेलं पातं केस कापण्याऐवजी ओढतं, आणि आपण नकळत हात दाबतो.

पण पात्याआधी पाण्याचा विचार हवा. कोरडा केस चिवट असतो. तो पाणी पितो, सुमारे पंधरा टक्क्यांनी फुगतो आणि पुष्कळ मऊ होतो. याला कोमट पाण्याची दोन ते तीन मिनिटं लागतात. म्हणून अंघोळीच्या सुरुवातीला रेझर हातात घ्यायचा नाही, शेवटी घ्यायचा. फार वेळही पाण्यात राहायचं नाही, कारण पंधरा-वीस मिनिटांनी कातडीच फुगते, सुरकुतते आणि केस आत दडतात.

भाचीच्या घरी बोअरचं पाणी. अंगाच्या साबणाचा फेस होतो, पण विरून जातो आणि बादलीच्या कडेला पांढरा थर जमतो. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून जो चिकट साका तयार करतं, तोच पायावरही बसतो. रेझर त्याच्यावर घसरत नाही, अडखळतो. शिवाय अंगाचा साबण अल्कलीधर्मी असल्यामुळे कातडी कोरडी पडते, आणि नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी असतात. तिची अर्धी अडचण इथेच होती.

शेव्हिंग क्रीम म्हणजे तरी काय, साबणासारखाच पदार्थ, पण त्यात ग्लिसरीन आणि चरबीची आम्लं अशा बेतानं घातलेली असतात की फेस दाट होतो, टिकतो आणि केसातलं पाणी धरून ठेवतो. डब्यातून फुस्सकन येणारा हलका फोम बघायला छान असतो, पण त्यात हवाच जास्त. पायासाठी जेल किंवा ट्यूबमधलं क्रीम मला बरं वाटतं. बोअरचं पाणी असेल तर पिण्याचं फिल्टरचं पाणी वाटीभर घेऊन त्यातच हात बुडवून फेस करावा. एवढ्यानं फरक पडतो. तेही नसेल तर केसांचा कंडिशनर लावावा. त्याला जड पाण्याचा त्रास होत नाही, घसरण उत्तम मिळते. दोन अडचणी आहेत. पायाचा कुठला भाग राहिला ते दिसत नाही, आणि फरशी भयंकर निसरडी होते.

प्री-शेव्ह तेलाबद्दल पार्लरमध्ये हमखास विचारतात. ओल्या पायावर दोन-तीन थेंब आणि वर क्रीम, एवढं चालतं. खोबरेल चोपडून त्यावर रेझर फिरवला तर पात्यांमध्ये केस आणि तेल भरून बसतं आणि रेझर बोथट असल्यासारखा वागतो.

तिच्या पुटकुळ्या बसेपर्यंत पंधरा दिवस रेझर बंद ठेवला. सुई घेऊन आतला केस उकरायला मी तिला बजावून मनाई केली. त्यानंच डाग पडतात. सुट्टी संपायच्या आधीच्या शनिवारी रात्री अंघोळीच्या वेळी आम्ही मऊ ओल्या फडक्यानं पाय हलक्या हातानं पुसले. टाचेचा दगड नाही, खरखरीत ब्रश नाही. तीन मिनिटं कोमट पाणी, मग जेल, आणि ते लावून आणखी एक मिनिट. तेवढ्या वेळात तिनं बोटांनी चाचपून केस कुठे झुकतात ते पाहिलं. नडगीवर ते खाली जातात, पण पोटरीच्या मागे तिरके बाहेर वळतात. ती आजवर सगळीकडे घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे उलटं, ओढत आली होती.

आता वरून खाली, बोटभर लांबीचे ओढे, रेझरच्या वजनाइतकाच दाब, प्रत्येक ओढ्यानंतर पातं पाण्यात खळबळायचं. एकाच जागी दोनदा फिरवायचं तर आधी पुन्हा जेल. गुडघा ताठ असला की वाटीवरची कातडी चुरगळते, म्हणून किंचित वाकवून ती ताणायची. गुडघ्याच्या मागे मात्र पाय सरळ. घोट्याच्या हाडावर कातडी बोटानं बाजूला ओढून ती सपाट जागेवर आणायची आणि मग कापायचं. तरी एक बारीक कापलंच. तिथे ओल्या तुरटीचं टोक काही सेकंद धरलं, रक्त थांबलं. तुरटी तेवढ्याच जागी लावायची, अख्ख्या पायाला चोळली तर पाय आणखी कोरडे पडतात.

गार पाणी, टॉवेलनं टिपणं, आणि पाय अर्धवट ओले असतानाच बिनवासाचं जाडसर मॉइश्चरायझर. तिच्या पिशवीत सॅलिसिलिक आम्लाचं लोशन होतं, ते त्या रात्री लावू दिलं नाही. ताज्या कापलेल्या कातडीवर ते झोंबतं. दोन दिवसांनी, आठवड्यातून दोन-तीनदा लावलं तर मेलेल्या पेशी निघतात आणि केसाला वाट मिळते. युरिया असलेलं लोशन कोरड्या नडगीला चांगलं, पण तेही त्याच रात्री नको.

"आई म्हणते, रेझरनं केस राठ होतात," ती म्हणाली. राठ लागतात हे खरं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलं की बोथट बुंधा वर येतो आणि हाताला टोचतो. जाडी तीच राहते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासून सांगितलं होतं.

मंगळवारी तिचा सोलापूरहून फोन आला. पुटकुळ्या चार, सगळ्या उजव्या पोटरीच्या मागे, जिथे आरशाशिवाय दिसत नाही आणि हात उलटा फिरला असणार. नडग्या स्वच्छ होत्या. जुने काळे डाग मात्र तसेच, आणि ते पावसाळाभर तरी राहतील हे मी तिला आधीच सांगितलं होतं. मधुमेह असणाऱ्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना किंवा पायावर फुगलेल्या शिरा असणाऱ्यांना मी हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगत नाही.

नवा रेझर तिनं न्हाणीघरातल्या ओल्या फळीवर ठेवला होता. मी म्हटलं, झटकून खोलीतल्या खिडकीशी उभा ठेव, आणि आज दुसरी वेळ झाली असं कॅलेंडरवर लिही.