पंचवीसपैकी एकवीस म्हणजे किती टक्के?

पहिलीतल्या मुलाची पहिली चाचणी होते. तपासलेल्या पेपरवर 21/25 असे लिहिलेले असते. चारच गुण गेले, म्हणजे शहाण्णव टक्के, असा हिशेब अनेक घरांत होतो. पण पेपर शंभराचा नाही. पंचविसाचे शंभर करायला चारने गुणावे लागते, म्हणून प्रत्येक गुणाची किंमत चार टक्के. गेलेले चार गुण सोळा टक्के घेऊन जातात आणि हाती राहतात 84 टक्के.

वीसच्या पेपरात गुणाची किंमत पाच टक्के, पन्नासच्या पेपरात दोन. चाळीसच्या पेपरात अडीच टक्के, म्हणजे मिळालेल्या गुणांची अडीचपट करायची. यावरून उत्तर ताडूनही पाहता येते. पंचवीसच्या पेपरात पूर्ण गुण असतील तर टक्के चारच्या पाढ्यातच येतात, अर्धा गुण असेल तर दोनच्या. साडेअठरा गुणांचे 74 टक्के होतात. कोणी 79 टक्के सांगितले, तर पंचवीसच्या पेपराचा हा हिशेब चुकला आहे.

पंधराच्या पेपरात अडचण येते, कारण शंभराला पंधराने पूर्ण भाग जात नाही. एका गुणाचे साधारण सात टक्के धरले तर 13 गुणांचे 91 टक्के होतात. खरे उत्तर वेगळे आहे. आधी गुणावे, मग भागावे: 13 × 100 = 1300, आणि 1300 ÷ 15 = 86.67. सुरुवातीलाच आकडा पूर्ण केल्याने चार टक्क्यांहून जास्त फरक पडला. आकडा पूर्ण करायचाच असेल तर तो शेवटी, एकदाच करावा.

खरी गफलत बेरजेत होते. समजा, गणिताच्या लेखी चाचणीत 40 पैकी 36 मिळाले आणि तोंडीत 10 पैकी 5. टक्के झाले 90 आणि 50. या दोहोंची सरासरी 70 येते. पण दहा गुणांची तोंडी आणि चाळीस गुणांची लेखी यांना सारखे वजन देणे बरोबर नाही. गुणांची बेरीज 41, एकूण गुणांची 50, म्हणून टक्के 82. आधी गुण मिळवायचे, टक्के नंतर काढायचे. प्रत्येक परीक्षेला किती वजन द्यायचे हे शाळेने वेगळे ठरवले असेल, तर मात्र शाळेचीच रीत लावावी.

लहान पेपराच्या टक्क्यांतून किती अर्थ काढायचा, हेही त्या चार टक्क्यांवरून ठरते. पंचवीसपैकी वीस म्हणजे 80 आणि एकवीस म्हणजे 84. राज्यातील शाळांच्या श्रेणी लावल्या तर पहिल्याला ब-1 आणि दुसऱ्याला अ-2. पण दोघांतला फरक एखाद्या विसरलेल्या वेलांटीचाही असू शकतो. त्यामुळे टक्के काढून झाले, की पेपर उघडून तो गुण कुठे गेला ते मुलासोबत बसून पाहावे.