राष्ट्रगीताला गप्प उभी राहिलेली मुले

शाळेत परिपाठ चालू आहे. 'सावधान'चा आदेश होतो आणि राष्ट्रगीत सुरू होते. सगळी मुले गात असताना एक मुलगी ताठ उभी आहे, पण तिचे ओठ बंद आहेत. नंतर वर्गशिक्षिका विचारतात तेव्हा ती म्हणते, "बाई, मी मान देते, पण आमच्या धर्मात हे म्हणत नाहीत." आता बाईंनी काय करावे? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्क एका धड्यात असतात आणि मूलभूत कर्तव्ये दुसऱ्या. इथे मात्र दोन्ही एकाच रांगेत समोरासमोर उभी आहेत.

असा प्रसंग केरळमध्ये खरोखर घडला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'जेहोवाज विटनेसेस' या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. एका आमदाराच्या हे लक्षात आले आणि त्यांनी प्रश्न विधानसभेत मांडला. चौकशी समितीने सांगितले की मुलांनी अनादर केलेला नाही. तरीही जुलै १९८५ मध्ये शिक्षण खात्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढून टाकले. केरळ उच्च न्यायालयात पालकांची दाद लागली नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने मात्र मुलांना परत घेण्याचा आदेश दिला.

शाळेची बाजू कर्तव्याची होती. अनुच्छेद ५१ क नुसार राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. न्यायालयाने हे कर्तव्य नाकारले नाही. गीत चालू असताना आदराने उभे राहिले की मान दिला गेला; प्रत्येकाने गायलेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, असे न्यायालय म्हणाले. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानविषयक कायदाही शिक्षा सांगतो ती राष्ट्रगीत मुद्दाम बंद पाडणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या समुदायात गोंधळ घालणाऱ्याला.

मग शाळेच्या हातात उरले होते ते शिक्षण खात्याचे परिपत्रक. अभिव्यक्तीच्या हक्कावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार लागतो, तोही राज्यघटनेत दिलेल्या ठरावीक कारणांसाठीच. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. शिवाय मुलांची श्रद्धा प्रामाणिक होती, त्यामुळे धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ त्यांच्या बाजूने उभा राहिला.

याचा अर्थ काहीही केले तरी चालते असा नाही. त्याच रांगेत मागे दोन मुले एकमेकांना ढकलत, हसत इतरांचे गाणे बिघडवत असतील, तर त्यांना हा निकाल वाचवणार नाही. बाई त्यांना समज देऊ शकतात, पालकांना बोलावू शकतात. पण छडी मारता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. चूक मुलाची असली तरी त्याचा हा हक्क संपत नाही.

आता दुसरा प्रसंग घ्या. सरकारी शाळेतल्या मुलाने करकटकाने बाकावर नाव कोरले. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे हेही ५१ क मधलेच कर्तव्य आहे. मूलभूत कर्तव्ये घटनेत आली ती १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, पण ती मोडली तर शिक्षा काय, हे तिथे लिहिलेले नाही. अशा नुकसानीसाठी शिक्षा सांगणारा वेगळा कायदा १९८४ मध्ये करावा लागला. बाकावरच्या नावासाठी अर्थातच कोणी पोलीस ठाणे गाठत नाही. पॉलिश पेपर हातात देऊन बाक घासून घेतला तरी धडा मिळतो.

केरळची ती भावंडे आज शाळेत असती तर? प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलाला या कायद्याचे संरक्षण मिळाले असते. नववी-दहावीतल्या दोघांना मात्र पुन्हा राज्यघटनेकडेच धाव घ्यावी लागली असती.

म्हणून 'तुझे कर्तव्य होते' असे म्हणून मुलावर कारवाई करण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी दोन गोष्टी तपासाव्यात: त्याच्या वागण्याने कर्तव्य खरोखर मोडले का, आणि जी कारवाई करायची आहे तिला कायद्याचा आधार आहे का. यातल्या एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर दाखला हातात देऊन मुलाला घरी पाठवण्याचा अधिकार शाळेला नाही.