तिसऱ्या ओळीची साक्ष

बारावीच्या रसायनशास्त्राचे पेपर तपासताना एक प्रश्न मी नेहमी सावकाश वाचतो. तक्त्यात प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीची संहती आणि वेग दिलेले असतात आणि त्यावरून अभिक्रियेची कोटी काढायची असते. कोटी म्हणजे एखाद्या पदार्थाची संहती बदलली की वेग तिच्या कितव्या घातानुसार बदलतो, ते सांगणारा आकडा.

नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन यांची १२८० अंश सेल्सिअसला होणारी अभिक्रिया घेऊ: 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O. संहती हजारांश मोल प्रति लिटरमध्ये मोजू. पहिल्या प्रयोगात NO ५, H₂ २ आणि वेग १.३ आहे (वेगाचे एकक सोयीसाठी लहान धरले आहे). दुसऱ्यात NO १०, H₂ २, वेग ५. तिसऱ्यात NO १०, H₂ ४, वेग १०.

पहिल्या दोन ओळींत हायड्रोजन तेवढाच आहे. NO दुप्पट झाला, वेग ३.८५ पट झाला. मोजमापातली आणि पूर्णांकनातली घट-वाढ लक्षात घेता हे ४ पटच, म्हणून NO ची कोटी २. दुसऱ्या-तिसऱ्या ओळींत NO तेवढाच आहे. हायड्रोजन दुप्पट, वेग दुप्पट, म्हणून कोटी १. पहिली आणि तिसरी ओळ जोडीला घेऊ नये, कारण त्यांत दोन्ही संहती बदलतात. आठपट वाढ पाहून NO ची कोटी ३ लिहिणारी मुले तिथेच फसतात.

त्याहून जास्त आढळणारी चूक म्हणजे समीकरणातला हायड्रोजनपुढचा २ उचलून तीच कोटी समजणे. हे उत्तर तपासायला वेग स्थिरांक प्रत्येक ओळीतून काढावा. वेगाला NO च्या वर्गाने आणि H₂ च्या वर्गाने भागले, तर पहिल्या ओळीतून ०.०१३ आणि दुसरीतून ०.०१२५ येतात. छान जुळले, असे वाटते. पण तिसरी ओळ ०.००६२५ देते, म्हणजे निम्मेच. पहिल्या दोन ओळींत हायड्रोजन बदललाच नव्हता, त्यामुळे त्यांना त्याच्या कोटीतली चूक दिसणेच शक्य नव्हते. कोटी १ घेतली की तिन्ही ओळी ०.०२६, ०.०२५, ०.०२५ देतात.

हायड्रोजनची कोटी एकच का? मान्य स्पष्टीकरणानुसार आधी दोन NO एकत्र येतात आणि त्या जोडीवर एकच H₂ आदळतो. ही पायरी सर्वांत मंद, म्हणून वेग तीच ठरवते. दुसरा H₂ नंतरच्या वेगवान पायरीत खर्च होतो.

या तपासणीलाही मर्यादा आहे. दोन कोटी आणि एक स्थिरांक अशा तीन अज्ञात गोष्टी तीन ओळींतूनच काढल्या, तर घात काहीही आले तरी स्थिरांक जुळवता येतो. इथे घात जवळच्या पूर्णांकावर बसले, एवढाच आधार. म्हणून चौथी ओळ असली तर ती आकडेमोडीत न वापरता राखून ठेवावी. NO १५ आणि H₂ ३ असताना आपले उत्तर वेग सुमारे १७ सांगते, तर हायड्रोजनची कोटी २ धरून दुसऱ्या ओळीचा स्थिरांक वापरणारे उत्तर सुमारे २५.