1-0-1 म्हणजे नेमके कधी?

ताप आलेल्या चार वर्षांच्या मुलाची आई केमिस्टच्या काउंटरवर उभी आहे. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचे ड्राय सिरप दिले आहे: 5 मिली, 1-0-1, पाच दिवस. काउंटरवरचा मुलगा खोक्यावर पेनाने '1-0-1' लिहून बाटल्या पुढे सरकवतो. त्याच्या लेखी काम झाले. घरी मात्र आईला प्रश्न पडतो, एक म्हणजे एक चमचा का? कुठला? चहाचा की पोह्यांचा?

म्हणून लेबलवर आकड्यांचे कोडे नको, सरळ वाक्य हवे: 'सकाळी 8 वाजता 5 मिली, रात्री 8 वाजता 5 मिली. सोबतच्या मापानेच द्या.' नुसते 'दिवसातून दोनदा' लिहिले, तर सकाळी नऊला आणि दुपारी दोनला देऊन दिवस संपवणारेही असतात. मग पुढचे एकोणीस तास औषधच नाही.

दुसरी ओळ जेवणाची. 'जेवणानंतर' म्हणजे लगेच की तासाभराने, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला दिले तर पोट कमी बिघडते, म्हणून 'जेवायला बसताना द्या' असेच लिहावे. 'उपाशीपोटी' हा शब्दही असाच फसवा. थायरॉइडची गोळी चहा-बिस्किटानंतर घेणारे म्हणतात, 'जेवलो कुठे होतो?' तिथे 'सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको' एवढे स्पष्ट हवे.

तिसरी ओळ साठवणुकीची. 'थंड जागी ठेवा' म्हटले की कुणी माठाशेजारी ठेवतो, कुणी थेट बर्फाच्या कप्प्यात. या औषधाची पूड कोरडी असेपर्यंत बाहेर टिकते. पाणी घातले की त्यातले क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड लवकर खराब होऊ लागते. म्हणून लिहावे: 'पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दर वेळी बाटली हलवा.' सगळ्याच ड्राय सिरपना फ्रिज लागत नाही, तेव्हा ही ओळ त्या-त्या औषधाच्या माहितीपत्रकावरून घ्यावी.

आता हिशेब. रोज 10 मिली, पाच दिवसांचे 50 मिली. बाटली साधारण 30 मिलीची, म्हणजे दोन लागणार. आठ तारखेच्या सकाळी सुरू केलेली पहिली दहाच्या रात्री संपेल. दुसरीवर लिहावे: 'पहिली संपल्यावरच पाणी घाला.' बाराच्या रात्री डोस पूर्ण होतील आणि दुसरीत 10 मिली उरेल. औषध भिजवल्यापासून साधारण सात दिवसच चालते, पण बाटलीवर छापलेली एक्स्पायरी असते कोरड्या पुडीची, पुढच्या वर्षाची. ती पाहून महिन्याभराने खोकल्यासाठी तेच सिरप पुन्हा बाहेर येते. ते टळावे म्हणून शेवटची ओळ ठळक हवी: 'पाणी घातले: 11 तारीख. 12 तारखेच्या रात्रीनंतर उरलेले टाकून द्या.'